जादू कुठे अडते?

फँटसीची जी हस्तलिखितं हल्ली अभिप्रायासाठी हातात येतात, त्यांतल्या अनेकांच्या शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं असतं. जादूचे प्रकार किती, कोणत्या घराण्याकडे कोणती शक्ती, कोणता मंत्र कोणत्या प्रहरी चालतो, सगळं त्यात नीट मांडलेलं असतं. लेखकाने त्यावर मेहनत घेतल्याचं दिसतं. तरीही कादंबरीच्या मध्यावर नायिका कड्यावरून खाली कोसळते तेव्हा वाचणारा शांतपणे पान उलटतो. पुढच्या पानावर तिच्या मदतीला काहीतरी निघणार, याची त्याला खात्री असते आणि तसं ते निघतंही. परिशिष्टातल्या सगळ्या नियमांनी मिळून त्या एका पानावर भीती निर्माण केलेली नसते.

हे का होतं ते समजून घ्यायचं, तर या नियमप्रेमाचा उगम थोडा पाहावा लागेल. अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली एका लेखात म्हटलं की, वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच लेखकाला ती अडचण सोडवायला समाधानकारकपणे वापरता येते. पुढे त्यांनी आणखी एक सूत्र मांडलं: जादूने काय जमतं यापेक्षा काय जमत नाही, ते कथेच्या अधिक कामाचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या पूर्वीही कोणाला अगदीच ठाऊक नव्हत्या असं नाही. जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधल्या जादूगाराला एका वेळी मोजकेच मंत्र डोक्यात ठेवता येतात आणि मंत्र एकदा वापरला की तो आठवणीतून पुसला जातो. मर्यादेची ताकद त्या काळीही लेखकांना कळत होती. सँडरसन यांच्यानंतर बदललं ते एवढंच की, जादूची पद्धत हीच कादंबरीची ओळख होऊ लागली. मराठीत आणि इंग्रजीत ‘हॅरी पॉटर’ वाचत वाढलेली, पुढे जपानी मांगा आणि व्हिडिओ गेममध्ये रमलेली पिढी आता आपल्याकडे लिहिते आहे, आणि तिच्या हस्तलिखितांत ही पद्धत ठळकपणे उतरली आहे. जादू मनमानी असू नये, याची जाण या लेखकांना आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण नियम रचणं आणि नियमाने कथा अडवणं यांत अंतर आहे, आणि बहुतेक हस्तलिखितं त्या अंतरातच अडकलेली दिसतात.

नियम किती आहेत याने फारसं बिघडत नाही. संकटाच्या क्षणी कोणती वाट बंद आहे, हे वाचकाला आधीच कळलेलं आहे का, आणि एकदा मोजलेली किंमत पुढच्या निर्णयाच्या आड येते का, हे दोन प्रश्न माझ्या मते हस्तलिखिताचा निकाल लावतात. त्यासाठी मी वाचताना शेजारी एक कागद ठेवते. जादू जिथे जिथे वापरली गेली, त्या पानाचा आकडा, तिने काय साधलं, त्या पानापर्यंत वाचकाला तिच्याबद्दल काय सांगितलेलं होतं, तिने काय घेतलं आणि घेतलेलं पुन्हा कधी जाणवलं, एवढंच लिहिते. शंभरेक पानं झाली की हा कागदच बोलू लागतो.

या कामाचा उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. कर्णाची वासवी शक्ती. वनपर्वात इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येतो आणि कवचकुंडलं मागतो. सूर्याने आधीच सावध केलेलं असूनही कर्ण ती देतो आणि बदल्यात अमोघ शक्ती मागतो. इंद्र ती देतो, पण अटी घालून: ती एकाच शत्रूला मारेल आणि मग माझ्याकडे परत येईल, आणि हाताशी दुसरी शस्त्रं असताना, जीव धोक्यात नसताना ती उगाच सोडलीस तर ती तुझ्यावरच पडेल. संपादकाच्या नजरेने हा प्रसंग पाहिला तर थक्क व्हायला होतं. किंमत आधी वसूल झाली आहे, तीही अंगातून कापून. जे दिलं त्याने कर्ण मारला जाऊ शकेल असा झाला, आणि जे मिळालं त्याने तो फक्त एकदा मारू शकेल असा झाला. त्यातही ते कधी वापरायचं यावर बंधन आहे. या क्षणापासून कर्ण आणि अर्जुन समोरासमोर आले की प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: आज सोडेल का?

मग युद्धाच्या चौदाव्या दिवसाची रात्र येते. रात्री राक्षसांचं बळ वाढतं, हा नियमही आधीचाच. घटोत्कच कौरवसेना चिरडत सुटतो, सैनिक कर्णाकडे धाव घेतात आणि अर्जुनासाठी जपून ठेवलेली शक्ती कर्णाला तिथे खर्च करावी लागते. इथे जादू संकट सोडवते, पण ते सोडवण्यातच कर्णाचा शेवट ठरून जातो. घटोत्कच पडला तेव्हा पांडव शोक करतात आणि कृष्ण आनंदतो, कारण हिशेब कुठे जुळला हे त्यालाच दिसतं. शक्ती वापरणं आणि हरणं इथे एकच झालं आहे.

माझ्या दृष्टीने याहून मोलाचा प्रसंग त्यानंतर लगेच येतो. धृतराष्ट्र संजयाला विचारतो की, अशी शक्ती हाती होती तर कर्णाने ती अर्जुनावर आधीच का सोडली नाही? हस्तलिखित तपासणाऱ्याने विचारायचा हाच पहिला प्रश्न, आणि तो कथेच्या आतलंच एक पात्र विचारतं. संजय सांगतो की, आम्ही रोज रात्री हेच ठरवत होतो, पण सकाळ झाली की दैवाने ते सर्वांच्या मनातून पुसलं जाई. पुढे सात्यकीही कृष्णाला हाच प्रश्न करतो आणि कृष्ण म्हणतो, कर्णाला मीच मोहात ठेवलं होतं. हे उत्तर महाभारतात चालतं, कारण तिथे दैव आणि कृष्ण हे कथेतले खरे कर्ते आहेत, सुरुवातीपासून आपल्यासमोर वावरणारे. आजच्या कादंबरीकाराला हे उत्तर वापरता येणार नाही. पण प्रश्न टाळायचा नाही, तो उघडपणे पात्राच्या तोंडी घालायचा, एवढी हिंमत मात्र त्याला व्यासांकडून उचलता येईल.

‘आधी का नाही?’ हा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते ‘हॅरी पॉटर’च्या तिसऱ्या पुस्तकात दिसतं. १९९९ च्या या कादंबरीत हर्मायनीकडे गळ्यात घालायचं एक छोटं यंत्र असतं. ते एकदा फिरवलं की माणूस एक तास मागे जातो. त्या पुस्तकापुरती ही जादू चोख बसलेली आहे. तिचा वापर एकाच वेळी दोन तासिकांना हजर राहण्यासारख्या साध्या कामासाठी होतो, म्हणून ती आधीपासून समोर असते आणि नजरेत भरत नाही. मागे गेल्यावर कोणाच्या दृष्टीला पडायचं नाही, ही अट मोठी आहे. आणि घडलेलं काहीच खरं तर बदलत नाही. आपण आधी ऐकलेला कुऱ्हाडीचा आवाज आणि तळ्याकाठी दिसलेली ती आकृती यांचा अर्थ तेवढा नंतर उलगडतो. उत्कंठा टिकते, कारण वाचकाला नियम ठाऊक असतात आणि पात्रांना लपूनछपून त्यांच्या आतच राहावं लागतं.

अडचण पुढच्या पुस्तकापासून सुरू होते. २००० साली आलेल्या चौथ्या भागात एक मुलगा मारला जातो आणि वाचक विचारतो, ते यंत्र कुठे गेलं? तेरा वर्षांच्या मुलीला अभ्यासासाठी जे मिळू शकतं, ते खून टाळायला का मिळू नये? शेवटी २००३ च्या पाचव्या भागात मंत्रालयातल्या हाणामारीत या यंत्रांचं कपाट कोसळतं आणि सहाव्या भागात कळतं की साठाच नष्ट झाला. आपण कालप्रवासाच्या विषयात फार सहजपणे शिरलो, असं रोलिंग यांनी पुढे स्वतः लिहिलं आहे. मला यातून कळतं ते असं की, एखादी शक्ती एका प्रसंगात निर्दोष असूनही पुस्तकाला जड जाऊ शकते. म्हणून नवी शक्ती दिसली की मी पुढे वाचत नाही, मागे जाते. आधीच्या प्रत्येक संकटाच्या पानावर ती शक्ती ठेवून पाहते. तिथे ती चालली असती आणि कोणी वापरली नाही, तर लेखकाला तीनच मार्ग उरतात: ती तेव्हा अशक्य असल्याचं कारण आधी पेरायचं, तिचा वापर असह्य महाग करायचा किंवा ती काढून टाकायची. पात्र गोंधळलं, त्याला सुचलं नाही, हे कारण एकदा खपतं. दुसऱ्यांदा वाचक पात्राला मूर्ख समजतो आणि त्याच्याबद्दल वाटणारी काळजीच आटते.

किंमत हा भाग मला सर्वांत कमजोर दिसतो. जादू वापरली की नाकातून रक्त येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, पात्र कोसळतं आणि पुढच्या प्रकरणात उठून बसतं. हे इतकं सार्वत्रिक झालं आहे की नाकातलं रक्त वाचताच मी कागदावर लिहिते, ‘पुढे?’ आणि बहुतेक वेळा तिथे पुढे काहीच लिहावं लागत नाही. दुखणं ही किंमत असू शकते, पण फक्त तेव्हाच, जेव्हा त्या दुखण्यामुळे पात्राला उद्या एखादी गोष्ट करता येत नाही आणि ती गोष्ट कथेला हवी असते. आयुष्याची दहा वर्षं कमी होणं कानाला भयंकर वाटतं. पण कादंबरी तीन महिन्यांत संपत असेल तर ती दहा वर्षं कोणी, कधी भरायची? वाचकाने ती कधीच पाहिली नाहीत.

खरी किंमत कशी दिसते ते उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये पाहावं. तिथे ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर सत्ता चालते, एवढाच मूळ नियम आहे. परिशिष्ट नाही, शक्तींची वर्गवारी नाही. तरुण जादूगार गेड घमेंडीत मृताला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. ती फट बुजवताना वृद्ध महाजादूगार प्राण गमावतो आणि गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. सावलीचं नाव गेडला ठाऊक नाही, म्हणजे नावांवर चालणारी त्याची विद्या इथे लागू पडत नाही. पुढे तो एका लहान बेटाच्या रक्षणासाठी ड्रॅगनसमोर जातो. जुन्या इतिहासांच्या वाचनातून त्याने त्या ड्रॅगनचं खरं नाव ताडलेलं असतं आणि ते उच्चारून तो त्याला अडवतो. आता ड्रॅगन त्याला देऊ करतो ती गोष्ट नेमकी गेडला हवी असते: त्या सावलीचं नाव. नाव घेतलं तर गेड वाचतो. पण त्याच्याकडे मागणं एकच आहे, आणि तो बेटवासीयांना दिलेल्या शब्दाला जागून ड्रॅगनकडून शपथ घेतो की तो पुन्हा त्या बेटांकडे फिरकणार नाही. या प्रसंगात कोणाच्या नाकातून रक्त येत नाही. तरी गेडने काय सोडलं हे वाचकाला पक्कं कळतं, आणि उरलेलं अर्धं पुस्तक त्या सोडण्याच्या भाराखाली चालतं. एकाच शक्तीचे दोन उपयोग समोर ठेवणं आणि दोहोंपैकी एकच करू देणं, याहून चांगली किंमत मला ठाऊक नाही.

किंमत दुसऱ्याने भरावी लागणं हा त्याहून क्रूर प्रकार. सुझॅना क्लार्क यांच्या २००४ च्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये नॉरेल एका मेलेल्या तरुणीला परत आणण्यासाठी परीलोकातल्या एका सरदाराशी सौदा करतो आणि तिचं उरलेलं अर्धं आयुष्य त्याला देऊ करतो. आयुष्याची अखेरची वर्षं जातील, असं नॉरेल समजतो. सरदार मात्र प्रत्येक दिवसाचा अर्धा भाग घेतो. ती रोज रात्री त्याच्या महालात नाचायला नेली जाते, दिवसा थकून पडून राहते, आणि काय होतंय हे सांगू पाहिलं तर तिच्या तोंडून असंबद्ध गोष्टी बाहेर पडतात. या कादंबरीत जादू शेवटपर्यंत धूसरच आहे, तिचं कोष्टक मांडता येत नाही. तरी ताण सैल पडत नाही, कारण या धूसर जादूने काही सुटत नाही, नवा गुंताच होतो. सँडरसन यांच्या सूत्राची दुसरी बाजू ही: न समजलेली जादू संकट आणायला हवी तेवढी वापरावी, फक्त तिच्याकडून सुटका मागू नये.

उलट टोकाला सँडरसन यांची स्वतःची २००६ ची ‘मिस्टबॉर्न’ आहे. माणसं धातूचा कीस गिळतात आणि तो पोटात ‘जाळून’ शक्ती मिळवतात. पोलादाने धातूच्या वस्तू ढकलता येतात, लोखंडाने ओढता येतात, पण फक्त आपल्यापासून सरळ दूर किंवा सरळ आपल्याकडे. ढकललेली वस्तू आपल्यापेक्षा जड असेल किंवा भिंतीला टेकलेली असेल तर आपणच मागे फेकले जातो. त्यामुळे हवेत उडायचं तर खाली नाणं टाकावं लागतं, आणि धातू संपला की शक्ती संपली. या मर्यादांमुळे तिथल्या मारामाऱ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कोणाचं पाऊल कुठे पडलं याला अर्थ असतो. आणि तरीही पहिल्या भागाच्या निर्णायक क्षणी नायिका विन धुक्यातूनच शक्ती ओढून घेते. हे कसं शक्य झालं त्याचा खुलासा २००८ च्या तिसऱ्या भागात होतो. सूत्र मांडणाऱ्या लेखकालाही शेवटच्या उडीला वाचकाच्या समजुतीबाहेर जावं लागलं. अत्याचारी राजाचं मर्म विन स्वतःच्या तर्काने ओळखते, म्हणून तो प्रसंग कोसळत नाही. पण भीतीची धार तिथे थोडी बोथट झाली, असं माझं मत आहे.

आता एक हस्तलिखित जवळून पाहू. लेखिकेची ओळख राहणार नाही इतके तपशील बदलले आहेत, जादूचा गाभा मात्र तिच्या परवानगीने तसाच ठेवला आहे. नदीकाठचं एक वेढलेलं शहर. रेवा नावाची मुलगी गाठी मारणाऱ्यांच्या कुळातली. दोऱ्याला गाठ मारताना ज्या वस्तूचं नाव घेतलं, ती वस्तू गाठ असेपर्यंत आहे तशी थांबते: दार उघडत नाही, रक्त वाहत नाही, दोर तुटत नाही. प्रत्येक गाठीमागे गाठ मारणाऱ्याचं एक बोट बधिर होतं आणि गाठ सोडेपर्यंत बधिरच राहतं. बोटं दहा, म्हणून गाठी दहा.

कल्पना पाहून मला फार आनंद झाला, कारण मर्यादा आणि किंमत इथे एकाच जागी आहेत. शिवाय बधिर बोटांनी पुढची गाठ मारणं अवघड होत जातं, म्हणजे संकट वाढेल तशी शक्ती हातातून निसटणार. पण कागदावर नोंदी मांडल्या तेव्हा चौथ्या प्रकरणात तीन गाठी मारलेली रेवा, एकही न सोडता, सातव्या प्रकरणात दिव्याच्या उजेडात झबलं शिवताना सापडली. लेखिका किंमत विसरली होती. पुढे अकराव्या प्रकरणात रेवा एका गाठीने नदीचा पूर थोपवते. आधी एका गाठीने एक दार थांबत होतं. दार आणि नदी यांची किंमत सारखीच असेल तर दहा गाठींत जग थांबवता येईल, आणि मग वेढा घालणाऱ्या सैन्याला घाबरायचं कशाला?

सर्वांत मोठी चूक नवव्या प्रकरणात होती. रेवाचा भाऊ जखमी होऊन तिच्या मांडीवर रक्तस्रावाने मरतो. प्रसंग मनापासून लिहिलेला होता. पण चौथ्या प्रकरणात तिने एका घोड्याचं रक्त गाठ मारून थांबवलं होतं. धृतराष्ट्राचा प्रश्न इथे येणारच होता. लेखिकेचं उत्तर होतं की रेवा भांबावली. मी तिला विचारलं, त्या क्षणी रेवाच्या किती बोटांत जाण आहे? तिने मोजलेलं नव्हतं.

मोजल्यावर प्रकरण आपोआप बदललं. नव्या खर्ड्यात भाऊ पडतो तेव्हा रेवाच्या आठ गाठी बांधलेल्या आहेत आणि कोणती कशासाठी ते वाचकाला ठाऊक आहे: चार शहराच्या वेशीच्या, दोन पुलाच्या दोरांच्या, एक विहिरीच्या ढासळत्या कड्याची, एक शेजारणीच्या अडलेल्या बाळंतपणाची. नदीचा पूर लेखिकेने काढूनच टाकला आणि मोठ्या वस्तूला एकापेक्षा जास्त गाठी लागतात, हे वेशीच्या प्रसंगातच दाखवलं. उरलेली दोन बोटं एकाच हाताची, करंगळी आणि अनामिका. त्या दोघींनी गाठ बसत नाही. भावाला वाचवायचं तर आधीची एखादी गाठ सोडून अंगठा मोकळा करावा लागेल. अंगठा बाळंतिणीच्या गाठीत गेला आहे. रेवा ती सोडत नाही. भाऊ आधीच्या खर्ड्यातही मेला होता आणि आताही मरतो, पण आता वाचक त्या दोन पानांत रेवाबरोबर गाठी मोजत असतो.

मूळ खर्ड्यात सोळाव्या प्रकरणात आजी येऊन ‘मनाची गाठ’ शिकवते, जिला बोट लागत नाही. ती तर काढावीच लागणार होती, कारण त्या एका शक्तीने आधीचा सगळा हिशेब रद्द होत होता. पण शेवटच्या संकटात काहीतरी नवं हवं, हा लेखिकेचा आग्रहही रास्त होता. ते नवं जुन्या नियमातून निघालं पाहिजे, एवढंच मी म्हटलं. तिने शोधलेला उपाय माझ्या कल्पनेपलीकडचा होता. दुसऱ्या प्रकरणात लहान मुलं गाठी शिकताना दातांनी दोरा ओढतात आणि आजी त्यांच्या थोबाडीत मारते, एवढी ओळ आधीपासून होती. आजीच्या तापट स्वभावाचा नमुना म्हणून ती आली होती. लेखिकेने तिथे आजीचं अर्धं वाक्य वाढवलं, एका मावशीबद्दल, जी बोलत नाही. शेवटी दहाही बोटं गेलेली रेवा दातांनी अकरावी गाठ मारते आणि तिची जीभ बधिर होते. गाठीला वस्तूचं नाव घ्यावं लागतं, म्हणजे यानंतर ती बाराव्या गाठीचं नाव घेऊच शकत नाही. वाट खरोखर संपते, आणि ती संपली हे लेखिकेला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि आमचं त्यावर एकमत नाही. वेढा घालणारा सेनापती गाठी मारणाऱ्यांचं कुळ ओळखून आहे, तरी त्याची माणसं शहरात शिरल्यावर दोरे कापत सुटत नाहीत. ज्याला प्रतिपक्षाची मर्यादा ठाऊक आहे, तो आधी तिच्यावरच घाव घालेल. शत्रूला नियम माहीत असून तो त्यांचा फायदा घेत नसेल, तर नियम फक्त नायिकेच्या सोयीचे ठरतात. माझी सूचना अशी होती की, गाठ मारणाऱ्याने ती स्वतः सोडली तर बोट परत यावं आणि दुसऱ्याने दोरा कापला तर ते बोट कायमचं जावं. मग सेनापतीच्या हातातली साधी कात्री तलवारीपेक्षा भयंकर होते, दोरे कुठे लपवायचे हा पहिल्या प्रकरणापासूनचा प्रश्न होतो, आणि बधिरपणा ही नुसती उसनवारी न राहता त्यात गमावण्याचा धोका येतो. लेखिकेला ही सूचना जड वाटते. तिच्या मते त्यामुळे कादंबरीचा सूर काळवंडेल. गाठ सोडली की बोट परत मिळतं, या आशेवर रेवाचं सगळं धाडस उभं आहे आणि ती आशा शत्रूच्या हाती देणं तिला मान्य नाही. तिचं म्हणणं मला पटत नाही, पण सोडूनही देता येत नाही. सध्या ती तिसऱ्या प्रकरणात दोरे लपवण्याचा एक प्रसंग लिहून पाहते आहे. त्यात शेजारणीच्या मुलाच्या हातून खेळताना एक दोरा चुकून तुटतो, आणि त्या बोटाचं पुढे काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही.